रसाच्या ग्लासाची किंमत आणि दहा आकडे

वर्गाच्या ग्रुपवर आलेला एक स्क्रीनशॉट समजा. डावीकडे उसाच्या रसाच्या ग्लासाची किंमत: 20, 25, 30, 35, 40 रुपये. उजवीकडे दिवसाला खपलेले ग्लास: 200, 175, 150, 125, 100. खाली एका ओळीचा प्रश्न: मागणीची किंमत लवचिकता काढा. अवघे दहा आकडे. त्यांत असं काय दडलेलं असणार?

आधी आकडे नीट वाचलेत ना, ते पाहू. स्क्रीनशॉट धूसर असला की 7 चा 1 होतो आणि 175 चे 115 होतात. उजव्या रकान्यात लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा. दर वेळी 25 येतात. 115 वाचले असते, तर खप आधी 85 नं कोसळला असता आणि पुढच्याच ओळीत, रस आणखी महाग झालेला असताना, 35 नं वाढला असता. असं दिसलं की बाजाराला वेड लागलं असं समजण्याआधी स्क्रीनशॉट मोठा करून पाहावा.

आता लवचिकता. किंमत एक टक्का हलली की मागणी किती टक्के हलते, एवढाच हा प्रश्न. 20 वरून 25, म्हणजे किंमत 25 टक्के वाढली. खप 200 वरून 175, म्हणजे 12.5 टक्के घटला. भागाकार 0.5. (खरं तर उणे 0.5, पण हे उणे चिन्ह बहुतेक पुस्तकं सोडून देतात.) झालं?

आता त्याच दोन ओळी उलट वाचा. 25 वरून 20, म्हणजे किंमत 20 टक्के उतरली. खप 175 वरून 200, म्हणजे सुमारे 14.3 टक्के वाढला. भागाकार 0.71! रस तोच, गिऱ्हाईक तेच, ओळीही त्याच. मग जाताना एक उत्तर आणि येताना दुसरं कसं? कारण टक्का नेहमी सुरुवातीच्या आकड्यावर काढला जातो आणि आपण सुरुवातच बदलली. यावरचा तोडगा इतका साधा आहे की हसू येतं: सुरुवातही नको आणि शेवटही नको, दोन्हींची सरासरी घ्या. किमतीचे 5 रुपये 22.5 वर मोजा, खपाचे 25 ग्लास 187.5 वर. उत्तर 0.6 येतं, कुठूनही निघा.

हीच मध्यबिंदू पद्धत शेवटच्या दोन ओळींना लावा. 35 वरून 40. वाढ तीच 5 रुपयांची, घट तीच 25 ग्लासांची. उत्तर मात्र 1.67! आलेखावर हे पाचही बिंदू एका सरळ रेषेत बसतात, उतार कुठेच बदलत नाही, तरी लवचिकता जवळजवळ तिप्पट. स्वस्त टोकाला 5 रुपये ही मोठी वाढ आहे आणि 25 ग्लास ही किरकोळ घट. महाग टोकाला नेमकं उलटं. म्हणून ‘या कोष्टकाची लवचिकता किती’ याला एकच उत्तर नाही. कुठल्या किमतीपाशी, ते सांगावं लागतं.

आणि आता गल्ला मोजा. किंमत गुणिले खप: 4000, 4375, 4500, 4375, 4000. चढतो, 30 रुपयांवर शिखर गाठतो, उतरतो. 30 वर या रेषेची लवचिकता बरोबर 1 आहे. त्याच्या अलीकडे मागणी कमी लवचिक, तिथे भाव वाढवला की गल्ला वाढतो; पलीकडे जास्त लवचिक, तिथे भाव वाढवला की गल्ला घटतो. कोष्टकात नसलेला हा तिसरा रकाना तुमचं गणित तपासून देतो. लवचिकता 1 पेक्षा कमी आली आणि तरीही किंमत वाढताना गल्ला घटत असेल, तर बेरीज-भागाकारात कुठेतरी चूक आहे.

इथवर गृहपाठ संपतो. खऱ्या रसवंतीगृहातून आलेलं कोष्टक मात्र वेगळंच वागू शकतं. मे महिन्यात ऊन तापतं, मालक भाव वाढवतो, तरी ग्लास जास्तच खपतात. दोनच रकाने पाहणारा म्हणेल, महाग केलं की लोक जास्त पितात! हसू नका. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी 1914 मध्ये बिडाच्या, म्हणजे पिग आयर्नच्या, किमती आणि खप मांडले, तेव्हा त्यांना चक्क वर चढणारी मागणीची रेषा मिळाली. तेजीत कारखान्यांना बीड जास्त लागत होतं आणि म्हणून भावही चढत होता. सरकत होती ती मागणीच. हा गुंता 1927 मध्ये एल्मर वर्किंग यांनी उलगडून दाखवला: मागणी आणि पुरवठा दोन्ही हलत असतील, तर किंमत आणि खप यांच्या बिंदूंतून ना धड मागणी दिसते, ना पुरवठा.

मग खरी लवचिकता पकडायची कशी? पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, फिलिप राइट यांच्या पुस्तकाच्या एका परिशिष्टात उत्तर छापलं गेलं: फक्त पुरवठ्याला हलवणारी, पण गिऱ्हाइकाच्या इच्छेला न शिवणारी एखादी गोष्ट शोधा. रसाच्या बाबतीत ते काम ऊस करू शकतो. ऊन तसंच आहे, गर्दी तशीच आहे, पण बाजारात ऊस महागला म्हणून ग्लास महागला, अशा दिवसांचा खप वेगळा काढायचा. त्यासाठी स्क्रीनशॉटमध्ये तारखेचा रकाना असावा लागतो, आणि नेमका तोच कापताना बाहेर राहिलेला असू शकतो.