पाळी जाताना येणाऱ्या गरम झळा : उष्णता शरीरात वाढते की मेंदूला तशी वाटते?

भारतात स्त्रियांची पाळी जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ वर्षं आहे. म्हणजे आपल्या शाळेतल्या कितीतरी बाई आणि मुलांच्या आया, मावश्या, आत्या आत्ता याच टप्प्यातून जात आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी सांगतात, "अचानक अंगातून वाफा निघतात हो." घरचे त्याला कधी पित्त म्हणतात, कधी बीपी, तर कधी नुसतंच "तुला फार उकडतं" असं म्हणून सोडून देतात. डॉक्टर याला हॉट फ्लॅश म्हणतात. आपण 'गरम झळ' म्हणूया. ही झळ मेंदूत कशी सुरू होते आणि हार्मोनच्या गोळ्या न घेता ती कशी कमी करता येते, ते आजच्या लेखात पाहू.

आधी थर्मोस्टॅट समजून घेऊ

घरातली इस्त्री आठवा. ठरलेल्या तापमानापर्यंत गेली की 'टक्' आवाज होतो आणि दिवा बंद होतो. थोडी थंड झाली की दिवा पुन्हा लागतो. हे काम थर्मोस्टॅट करतो. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. शरीराचा थर्मोस्टॅट तिथे आहे.

या थर्मोस्टॅटला दोन सीमा असतात. आतलं तापमान वरच्या सीमेपलीकडे गेलं की घाम सुटतो आणि त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणजे उष्णता बाहेर पडते. खालच्या सीमेखाली गेलं की हुडहुडी भरते. दोन्ही सीमांच्या मधल्या पट्ट्यात शरीर काहीच करत नाही, निवांत असतं. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात रॉबर्ट फ्रीडमन या संशोधकांनी हा पट्टा मोजला. झळा न येणाऱ्या स्त्रियांमध्ये तो सुमारे ०.४ अंश सेल्सिअस रुंद होता. झळा येणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र तो जवळजवळ शून्यावर आला होता.

सगळी गोम इथे आहे. बाईच्या शरीरात जास्तीची उष्णता तयार होत नसते. सहन करण्याची जागा अरुंद झालेली असते.

एक झळ, मिनिटामिनिटाने

समजा, चौथीच्या वर्गाच्या ४८ वर्षांच्या बाई आहेत. मधली सुट्टी संपली, वह्यांचा गठ्ठा घेऊन त्या जिना चढून वर्गात आल्या. आतलं तापमान ३७.०० वरून ३७.०५ झालं. तिशीतल्या बाईंची वरची सीमा समजा ३७.२० आहे. त्यांच्या मेंदूला या ०.०५ अंशाची दखलही घ्यावी लागणार नाही. पण आपल्या बाईंची वरची सीमा आता ३७.०२ वर उतरली आहे. मेंदूच्या हिशेबाने त्या 'तापल्या'.

लगेच आदेश सुटतो. चेहरा, मान, छाती यांच्या त्वचेत रक्त धावतं आणि तिथे आग झाल्यासारखं होतं. छाती धडधडते. कपाळावर, मानेवर घाम फुटतो. हे साधारण एक ते पाच मिनिटं चालतं. एवढ्या घामाने आतलं तापमान खरोखरच थोडं उतरतं आणि आता खालची सीमा ओलांडली जाते. म्हणून घाम पुसून होईपर्यंत थंडी वाजू लागते. मघाशी पंखा वाढवायला सांगणाऱ्या बाई पाच मिनिटांनी तो बंद करायला सांगतात, ते यामुळे. त्या लहरी नाहीत, त्यांचा पट्टा अरुंद आहे.

झळेच्या वेळी तोंडात थर्मामीटर ठेवला तर ताप दिसत नाही. तापात थर्मोस्टॅटच्या सीमा वर सरकतात, झळेत त्या एकमेकींजवळ येतात. हा फरक लक्षात ठेवायला सोपा आहे.

पट्टा अरुंद का होतो?

हायपोथॅलॅमसमध्ये काही खास चेतापेशींचा एक गट आहे. त्या न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन सोडतात आणि शेजारच्या तापमान-केंद्राला 'उष्णता बाहेर टाका' असा इशारा देतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन या पेशींना लगाम घालतं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन आधी वरखाली होतं, मग कमीच होतं. लगाम सुटलेल्या पेशी जास्त काम करू लागतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या नाओमी रॅन्स यांनी पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूचे नमुने तपासले, तेव्हा या पेशी आकारानेही मोठ्या झालेल्या दिसल्या. पुढे लंडनमध्ये निरोगी स्वयंसेवक स्त्रियांना न्यूरोकायनिन बी शिरेतून दिलं, तर त्यांना झळा आल्या. म्हणजे दोषी रसायन सापडलं.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयही काढले असतील, तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. म्हणून अशा बायकांना झळा अचानक आणि जोराने येतात. त्यांनी आणि ४५ वर्षांच्या आत पाळी गेलेल्यांनी हार्मोनचा विषय डॉक्टरांशी जरूर बोलावा, कारण तिथे प्रश्न फक्त झळांचा नसतो, हाडांचाही असतो.

हार्मोनशिवाय काय करता येतं?

झळांवर सर्वांत प्रभावी उपाय आजही हार्मोनच आहे. पण स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास असलेल्या स्त्रियांना तो सहसा देत नाहीत, आणि काहींना तो नको असतो. अशा वेळी उपाय निवडताना एक प्रश्न विचारा : या उपायाने झळांची *संख्या* कमी होणार आहे, की झळेचा *त्रास*? दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत, पण वेगळ्या आहेत.

*१. पेशींना शांत करणारी औषधं.* न्यूरोकायनिन बीचा इशारा अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. ते थेट मुळावर काम करतं. पण यकृताला इजा होऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक महिन्यांनी यकृताची रक्ततपासणी करावी लागते. जुना पर्याय म्हणजे नैराश्यावरची काही औषधं अगदी कमी डोसमध्ये. उदाहरणार्थ, पॅरॉक्सेटिन ७.५ मिलिग्रॅम. "मला काय वेड लागलंय का?" असं वाटून बऱ्याच जणी ही गोळी नाकारतात. इथे ती मनासाठी दिलेलीच नसते. नैराश्यावर तिचा गुण यायला बरेच आठवडे लागतात, झळांवर साधारण दोन आठवड्यांतच कळतं. मात्र स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन चालत नाही, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा प्रभाव घटतो. रात्रीच्या झळांनी झोपमोड होत असेल तर डॉक्टर कधी गॅबापेंटिन देतात. त्याने सुस्ती येते, म्हणून ते झोपताना घेतात. यातली कुठलीही गोळी मनाने सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये.

*२. संमोहन उपचार.* हे ऐकून जादूचे प्रयोग डोळ्यांसमोर येतील, पण हे तसं नाही. प्रशिक्षित तज्ज्ञ पाच-सहा आठवडे शरीर सैल सोडायला आणि थंडाव्याची चित्रं मनात उभी करायला शिकवतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या चाचणीत १२ आठवड्यांनी झळा सुमारे ७४ टक्के कमी झाल्या. तुलनेच्या गटात, ज्यांना नुसतं भेटून बोलणं होतं, त्यांच्यात सुमारे १७ टक्के.

*३. विचार-वर्तन उपचार.* झळ आली की मनात येतं, "सगळी मुलं माझ्याकडेच बघतायत, आता माझं काही खरं नाही." या विचाराने घाबरं होतं आणि झळ जास्त लांबल्यासारखी वाटते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मायरा हंटर यांच्या गटाने चार आठवड्यांचा कार्यक्रम तपासला. विचार ओळखायचा, त्याजागी "ही दोन-चार मिनिटांची झळ आहे, जाईल" असं म्हणायचं, सावकाश पोटाने श्वास घ्यायचा. यात झळांची संख्या फारशी बदलली नाही, पण त्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झाला, पुस्तकावरून घरी करणाऱ्यांचासुद्धा.

*४. वजन.* त्वचेखालची चरबी गोधडीसारखं काम करते, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने काहींच्या झळा कमी होतात.

आता सुती कपडे, पंखा, गार पाणी, चहा कमी करणं यांचं काय? नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये पुरावे तपासले, तेव्हा गारव्याचे उपाय, योग, नुसता संथ श्वास, सोयाबीन, वनस्पतींच्या गोळ्या यांना झळांवरचा उपचार म्हणून शिफारस दिली नाही. योगाचे आणि व्यायामाचे दुसरे फायदे आहेतच. पंखा त्या क्षणी बरा वाटतो, तो जरूर लावा. पण चहा सोडूनही झळा थांबल्या नाहीत, तर दोष त्या बाईंच्या निश्चयाचा नाही. ज्या उपायांचा पुरावा नाही त्यांवर महागडे डबे विकत घेऊ नका, एवढाच याचा अर्थ.

उपाय लागू पडतोय का, हे कसं ओळखायचं?

झळांच्या चाचण्यांमध्ये नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांच्याही झळा बऱ्यापैकी घटतात. म्हणून "बरं वाटतंय" एवढ्यावर जाऊ नये. आपण हजेरी मांडतो तशी वही मांडा : तारीख, वेळ, त्रास (१ ते ३), झोप मोडली का. उपचाराआधी पूर्ण एक आठवडा लिहा. समजा आपल्या बाईंच्या आठवड्यात ४९ झळा भरल्या, त्यात १४ रात्रीच्या. गोळी सुरू करून सहाव्या आठवड्यात २४ आणि ५ झाल्या, तर फरक खरा मानायला जागा आहे. ४३ आणि १३ असतील, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बदल विचारा. झळा अनेकींना चार-सहा महिने नाही, तर सात वर्षांपर्यंतही राहतात. म्हणून 'आपोआप जाईल' म्हणत थांबणं फार लांब पडू शकतं.

आणि प्रत्येक घाम म्हणजे झळ नव्हे. रात्री अंथरूण भिजेल एवढ्या घामासोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजन घटणं असेल तर क्षयरोगाची तपासणी हवी. हात थरथरत असतील, वजन उतरत असेल, धडधड सतत असेल तर थायरॉइड तपासा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी घाम फुटल्यावर साखर मोजावी, ती उतरलेली असू शकते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो थोडा असला तरी लगेच दाखवावा.

शाळेत करण्यासारखी एक गोष्ट मुख्याध्यापकांना सांगते. वेळापत्रक करताना ज्या बाईंना हा त्रास आहे त्यांना तळमजल्यावरचा, खिडक्यांचा वर्ग द्या. पत्र्याखालच्या वर्गात चाळीस मुलांसमोर दुपारचा तास घेताना येणारी झळ आणि मोकळ्या हवेच्या वर्गातली झळ यांची संख्या कदाचित सारखीच निघेल, पण त्रास सारखा नसतो.