पाचशे बेअरिंगांचं बिल

‘क्लाउड-नेटिव्ह प्लॅटफॉर्म, ऑटोमेटेड थ्री-वे मॅचिंग आणि सीमलेस ईआरपी इंटिग्रेशन.’ खरेदीच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात अशी वाक्यं हमखास भेटतात. कारखान्याच्या परचेस मॅनेजरला यातून काय कळतं? त्याच्या टेबलावरचं कोणतं काम कमी होणार, एवढंही नाही.

खरं तर थ्री-वे मॅचिंग तो रोज हातानं करतोच. समजा, त्यानं १८० रुपये दरानं ५०० बेअरिंगांची पीओ काढली. गेटवर ४८० आली, स्टोअरनं तेवढ्याचीच जीआरएन केली. पुरवठादाराचं बिल मात्र ५०० नगांचं, कराआधी ९०,००० रुपयांचं. पीओ, जीआरएन आणि बिल शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ३,६०० रुपयांचा फरक दिसत नाही. मग माहितीपत्रकात सरळ लिहावं: ‘माल ४८० आला आणि बिल ५०० चं असेल, तर पैसे देण्याआधी ते बिल थांबवून तुम्हाला कळवतो.’

इथे एक चूक वारंवार होते. सोपं लिहायचं म्हणून लेखक ‘पीओ’, ‘जीआरएन’, ‘इंडेंट’ हेही शब्द काढून टाकतो आणि ‘मालप्राप्तीची नोंद’ असं काहीतरी लिहितो. पण हे तर वाचणाऱ्याच्याच धंद्यातले शब्द आहेत, दिवसभर त्याच्या तोंडी असतात. ते राहू द्यावेत. जायला हवेत ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे शब्द.

सगळ्यात फसवा शब्द ‘इंटिग्रेशन’. टॅलीत नोंद आपोआप जाते, की रोज संध्याकाळी कुणीतरी एक्सेल फाइल काढून चढवायची? दोन्हींना इंटिग्रेशन म्हणता येतं, पण दुसऱ्या प्रकारात एका माणसाचं काम वाढतं. त्यामुळे लिहिणाऱ्यानं आधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला गाठून विचारावं: नोंद कोण करतं, किती वेळानं पोचते, अडकली तर कुणाला कळतं? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की वाक्य आपोआप साधं होतं. ती मिळत नसतील, तर अडचण भाषेची नाही. सांगण्यासारखं काही ठरलेलंच नाही.

सोपं करताना अट गाळायची नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘चुकीचं बिल कधीच पास होत नाही’ हे वाचायला सोपं आहे, पण खोटं. बहुतेक कंपन्या थोडा फरक चालवून घेतात. ती सूट ५ टक्के ठेवली, तर ४९० आलेल्या मालाचं ५०० चं बिल निमूट पुढे जाईल. म्हणून ‘किती फरक चालेल ते तुम्ही ठरवा’ हे त्याच परिच्छेदात यायला हवं. एपीआय, सर्व्हर, एन्क्रिप्शन यांचं वेगळं पान करावं, कारण आयटीवाल्याला ते लागतंच.

मजकूर जमला का, हे पाहायला मी एक पद्धत वापरते. पान परचेसमधल्या माणसाला वाचायला देते, मग काढून घेते आणि विचारते, ‘उद्या ४८० च बेअरिंग आली, तर हे सॉफ्टवेअर काय करेल?’ तो चाचरला, की ते वाक्य मी पुन्हा लिहायला घेते.