अडत न घेणारी भिंत

एक लांबलचक, बोगद्यासारखी विजेची भट्टी डोळ्यांसमोर आणा. छतात तापलेल्या तारांचे पट्टे, खाली पोलादाच्या पत्र्यांचा सावकाश सरकणारा थर आणि दोन्ही बाजूंना अग्निविटांच्या भिंती. उष्णता देणारे छत, घेणारे पत्रे. मग भिंतींचे काम काय? उष्णता बाहेर जाऊ न देणे, एवढेच उत्तर आपण देऊ. पण हिशेब मांडला तर दिसते की पत्र्यांना मिळणाऱ्या उष्णतेचा तिसरा हिस्सा या भिंतींच्या हातून जातो.

भिंतीमागे चांगले उष्णतारोधक असेल, तर तिच्यातून बाहेर जवळजवळ काही जात नाही. भट्टी स्थिरावली की भिंत आणखी तापतही नाही. म्हणजे तिच्यावर जेवढी उष्णता येऊन पडते, तेवढी सगळी तिला आतच परत टाकावी लागते. बाजारातला अडत्या दोन्हीकडून माल फिरवतो आणि मधल्या मध्ये अडत घेतो. ही भिंत अडत न घेणारा अडत्या आहे.

आता आकडे घेऊ. भट्टीची रुंदी १ मीटर, उंची ०.७५ मीटर. छत ९२७ अंश सेल्सियसवर, पत्रे ३२७ अंशांवर. प्रारणाच्या हिशेबात तापमान केल्विनमध्ये घ्यावे लागते, म्हणजे १२०० आणि ६००. स्टेफानने १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून नियम मांडला आणि १८८४ मध्ये बोल्ट्झमनने त्याला सिद्धांताचा आधार दिला : तापलेला पृष्ठभाग सोडतो ती उष्णता तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. छताचे तापमान पत्र्यांच्या दुप्पट, म्हणून त्याची उष्णता सोडण्याची क्षमता सोळापट. दर चौरस मीटरला छताचे ११७.६ किलोवॅट, पत्र्यांचे ७.३. दोन्हींतला फरक ११०.२. उष्णतेला पुढे ढकलणारा रेटा हाच.

पण छतातून निघालेली सगळी किरणे पत्र्यांवर पडत नाहीत, काही भिंतींवर जातात. किती? याला एमआयटीच्या हॉयट हॉटेल यांच्या नावाने ओळखली जाणारी दोऱ्यांची सोपी युक्ती आहे. भट्टीचा आडवा छेद कागदावर काढा. छताच्या कोपऱ्यांपासून तळाच्या समोरच्या कोपऱ्यांपर्यंत दोन तिरके दोरे ताणा. प्रत्येकाची लांबी १.२५ मीटर, दोन्हींची मिळून २.५. मग बाजूने सरळ खाली येणारे दोन दोरे, ०.७५ मीटरचे, मिळून १.५. तिरक्यांतून सरळ वजा केले की उरतो १ मीटर. त्याला छताच्या दुप्पट रुंदीने, म्हणजे २ ने भागले की येतो अर्धा. छताची निम्मी किरणे थेट पत्र्यांवर आणि उरलेली निम्मी भिंतींवर.

यापुढे १९५६ मध्ये ओपेनहाइम यांनी मांडलेली रीत कामाला येते. उष्णतेचा प्रवास विजेच्या मंडलासारखा धरायचा आणि प्रत्येक वाटेला एक रोध द्यायचा. भट्टीच्या एक मीटर लांबीचा हिशेब करू. छत ते पत्रे या थेट वाटेवर निम्मी किरणे जातात, म्हणून तिचा रोध अर्ध्याचा व्यस्त, म्हणजे २. दुसरी वाट वळणाची : छत ते भिंत २, भिंत ते पत्रे आणखी २, एकूण ४. दोन्ही वाटा समांतर असल्याने एकत्र रोध १.३३ होतो, एकट्या थेट वाटेपेक्षा कमी. याशिवाय पृष्ठभाग पूर्ण काळे नसतात. छत आणि पत्रे दोन्हींची उत्सर्जकता ०.८ धरली, तर प्रत्येकाच्या दाराशी ०.२५ चा जकात नाका बसतो. सगळे मिळून १.८३.

११०.२ ला १.८३ ने भागले की उत्तर येते : भट्टीच्या दर मीटर लांबीला ६० किलोवॅट. त्यातले ४० थेट जातात, २० भिंतींना आपटून. भिंतींचा मार्ग विसरून केवळ थेट वाट धरली असती, तर ४४ च आले असते. तेवढ्या हिशेबावर विसंबून जो भट्टी बांधेल, तो ती विनाकारण सुमारे ३६ टक्के लांब बांधेल.

या सगळ्यात भिंतीची स्वतःची उत्सर्जकता कुठेच आली नाही. ती राहून गेली असे नाही, तिची गरजच पडत नाही. भिंत पांढरी असेल तर आलेली बरीचशी उष्णता परावर्तित करेल. काजळीने काळी झाली तर शोषून घेईल आणि तेवढीच पुन्हा सोडेल. दोन्ही वेळा आत परतणारी रक्कम तीच. त्यामुळे अशा भट्टीत नुसत्या आतल्या भिंती रंगवून पत्र्यांना जास्त उष्णता मिळणार नाही. वायू किंवा तेल जाळणाऱ्या भट्टीची गोष्ट वेगळी. तिथे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ ठरावीक तरंगलांबीची किरणे वाटेतच गिळतात आणि मग भिंतीच्या पृष्ठभागालाही महत्त्व येते.

भिंत स्वतः किती तापते? ९२७ आणि ३२७ ची सरासरी ६२७, असे म्हणावेसे वाटते. पण सरासरी तापमानांची नव्हे, उष्णतेच्या ओघांची काढावी लागते. छताकडून प्रत्यक्ष निघणारा ओघ १०२.५ आणि पत्र्यांकडून निघणारा २२.४ किलोवॅट. त्यांच्या मधोमध ६२.५ येतो. तेवढा ओघ सोडणारी भिंत सुमारे ७५० अंशांवर असते. चौथ्या घातामुळे तिचे तापमान गरम बाजूकडे झुकते. म्हणूनच भिंतीत खोचलेल्या तापमापकाचा आकडा पाहून कामगाराने पत्रे तयार झाले असे समजू नये. तो ७५० दाखवत असताना पत्रे ३२७ वर असू शकतात.

हाच आकडा भट्टीची तब्येतही सांगतो. छत आणि पत्रे ठरलेल्या तापमानाला असूनही भिंत ७५० च्या बरीच खाली राहत असेल, तर अडत्याने अडत घ्यायला सुरुवात केली आहे. कुठे वीट तडकली असेल, कुठे रोधकाचा थर बसला असेल. मात्र थोडी गळती गृहीतच असते. २३० मिलिमीटर जाडीची साधी अग्निवीट घेतली आणि बाहेरची बाजू १०० अंशांच्या आसपास धरली, तर दर चौरस मीटरमधून साधारण साडेतीन किलोवॅट निसटतात. आत येऊन पडणाऱ्या ६२.५ पुढे हे थोडेच, पण दोन भिंतींचे मिळून पाच किलोवॅट होतात. रोधक विटांचा थर मागे घातला की गळती आणखी उतरते आणि आपले गृहीतक अधिक खरे होते.

आणखी एक मर्यादा आहे. आपण सगळी भिंत एकाच तापमानाची धरली. खरे तर तिचा वरचा भाग छताजवळ जास्त तापतो आणि खालचा कमी. ती एकसारखी मानल्याने आपण उष्णतेला वर-खाली फुकटची वाट दिली, म्हणून ६० हा आकडा थोडा उदार आहे. जास्त बारकाई हवी तर भिंतीचे आडवे पट्टे पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडतात.

आणि हा हिशेब स्थिरावलेल्या भट्टीचा आहे. पाव भाजायच्या लाकडाच्या भट्टीत आधी आग पेटवून विटांना उष्णता पिऊ देतात आणि मग त्या साठ्यावर पाव भाजतात. तिथे भिंत कोठार असते. आपल्या भट्टीतही सकाळी बटण दाबल्यावर पहिले काही तास तसेच असते : विटा घेत राहतात, परत कमी देतात आणि पत्र्यांना ६० किलोवॅट मिळत नाहीत. भिंतीच्या तापमानाचा काटा चढायचा थांबला की समजावे, आता ती स्वतःसाठी काही ठेवत नाही.