कॉल हातात, आवाज भलतीकडे

फोन वाजतो, आपण उचलतो, ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहतो आणि पलीकडून हूं की चूं नाही. पडद्यावर मात्र सेकंद पुढे सरकत असतात. म्हणजे कॉल लागलेला आहे, समोरचा बोलतोही आहे, फक्त त्याचं बोलणं आपल्या कानाशी येत नाही. आपण रेंजला नावं ठेवतो, फोन कापून पुन्हा लावतो आणि पुन्हा तेच. अशा वेळी फोन बिघडलेला असण्यापेक्षा आवाज दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूतून बाहेर पडत असण्याची शक्यता जास्त असते. ती वस्तू म्हणजे डबीत नीट न बसलेला इअरबड, खाली पार्किंगमध्ये चालू असलेली गाडी किंवा शेल्फवर काढून ठेवलेलं घड्याळ.

हे का होतं ते कळायला एक गोष्ट माहीत हवी. ब्लूटूथ आपल्याला एकच जोडणी वाटते, पण आवाजासाठी तिच्यात दोन वेगळ्या वाटा असतात. गाणी आणि व्हिडिओ एका वाटेने जातात. तिथे आवाज फक्त फोनकडून कानाकडे येतो आणि चांगल्या दर्जाचा असतो. कॉलची वाट दुहेरी असते, कारण कानात ऐकू यायला हवं आणि त्याच वेळी मायक्रोफोनमधून आपलं बोलणं परतही जायला हवं. या वाटेवर आवाज बारीक करून पाठवतात. सेकंदाला आवाजाचे 8 हजार किंवा 16 हजार नमुने घेतले जातात, तर गाण्यांसाठी साधारण 44 हजार. त्याच इअरफोनमध्ये गाणं झकास वाजतं आणि कॉल आला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तो यामुळे.

वाटा दोन असल्यामुळे एक चालू आणि दुसरी बंद असं होऊ शकतं. ‘गाणी वाजतात, म्हणजे इअरफोन जोडलेले आहेत, मग कॉल का ऐकू येत नाही?’ या नेहमीच्या कोड्याचं उत्तर इथेच आहे. उलटही घडतं. ज्या घड्याळात आपण कधी गाणं लावलेलं नाही, ते कॉलची वाट अडवून बसलेलं असतं. कॉल सुरू झाला की फोन बघतो, कॉलची वाट उघडी असलेलं एखादं उपकरण जोडलेलं आहे का? असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोन आवाज तिकडे पाठवतात. ते उपकरण तुमच्या कानात आहे की दुसऱ्या खोलीत, हे फोनला सहसा ठाऊक नसतं.

घरात मुका, बाजारात बोलका

आमच्या शेजारच्या काकूंच्या फोनचं दुखणं असंच होतं. घरात असताना आलेला कॉल उचलला की सगळं शांत, आणि भाजी आणायला बाहेर पडल्या की तोच फोन ठणठणीत. दुकानात दाखवला तर तिथेही व्यवस्थित चालला. “तुमच्या घरात रेंजच नाही, कार्ड बदला,” असा सल्ला मिळाला. काकूंनी कार्डाची कंपनी बदलली. फरक शून्य.

“काकू, असं झालं की समोरच्याला तुमचं ऐकू जातं का?”

“माझी बहीण म्हणते, लांबून कुठूनतरी बोलतेयस असं वाटतं. विहिरीतून बोलल्यासारखं.”

हा धागा महत्त्वाचा होता. रेंज नसती तर आवाज तुटक आला असता किंवा कॉलच कटला असता. लांबून ऐकू जातं म्हणजे बोलणं टिपणारा मायक्रोफोन तोंडाजवळ नाही, दूर कुठेतरी आहे. मी माझ्या फोनवरून त्यांना कॉल लावला. त्यांनी उचलला आणि शांतता पसरली. मग त्यांच्या पडद्यावरचं स्पीकरचं बटण दाबलं. ब्लूटूथचं काही जोडलेलं नसेल तर या बटणाने स्पीकर नुसता चालू-बंद होतो. काही जोडलेलं असेल तर बऱ्याच फोनवर तिथे छोटी यादी उघडते. त्यात फोन, स्पीकर आणि जोडलेल्या उपकरणाचं नाव असतं, आणि आवाज सध्या जिथे जातो आहे त्यावर खूण असते. काकूंच्या यादीत खूण घड्याळाच्या नावापुढे होती. आतल्या खोलीतल्या शेल्फवर ते घड्याळ माझं ‘हॅलो’ बारीक आवाजात बोलून दाखवत होतं.

घड्याळ दिवाळीत नातवाने दिलेलं. काकू ते फक्त सकाळच्या फिरण्याला घालतात, एरवी शेल्फवर. कॉलची सोय असलेली ही घड्याळं फोनशी दोनदा जोडली जातात. एक जोडणी घड्याळाच्या अ‍ॅपमार्फत होते. पावलं, नाडी आणि मेसेजच्या सूचना तिच्यावरून येतात. दुसरी जोडणी फोनच्या ब्लूटूथ यादीत होते आणि ती कॉलसाठी असते. नातवाने पडद्यावर जे जे विचारलं त्याला ‘होय’ म्हटलं होतं. ब्लूटूथचा पल्ला साधारण 10 मीटर, भिंती असल्या तर आणखी कमी. त्यामुळे घरात आवाज घड्याळाकडे जायचा, आणि बाजारात घड्याळ पल्ल्याबाहेर राहिलं की आपोआप फोनकडे परतायचा.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथची यादी उघडली, घड्याळाच्या नावाशेजारच्या चक्रावर बोट ठेवलं आणि आत “Calls” नावाचं बटण होतं ते बंद केलं. काही फोनवर तिथे “Phone calls” लिहिलेलं असतं, मराठीत ठेवलेल्या फोनवर “फोन कॉल”. अ‍ॅपची जोडणी तशीच राहिल्यामुळे पावलं मोजणं आणि सूचना चालू राहिल्या. फक्त बोलणं पुन्हा फोनवर आलं. एक मात्र लक्षात ठेवायला हवं. घड्याळ काढून नव्याने जोडलं की हे बटण पुन्हा चालू झालेलं असू शकतं.

कॉल चालू असताना काय करावं

समोर माणूस ताटकळला असेल तर सेटिंग्जमध्ये शिरू नये. आधी कॉलच्या पडद्यावरच्या यादीतून ‘फोन’ निवडावा. यादी सापडत नसेल तर वरून पडदा खाली ओढून ब्लूटूथ बंद करावं. कॉल मोबाइलच्या जाळ्यावरून चाललेला असतो, ब्लूटूथवरून नव्हे, त्यामुळे तो कटत नाही. आवाज फोनकडे परत येतो, एवढंच.

ही कृती हीच पहिली चाचणीही आहे. ब्लूटूथ बंद करताच ऐकू येऊ लागलं, तर फोनचा कानाशी धरायचा भाग शाबूत आहे आणि दोष जोडणीत आहे. ब्लूटूथ बंद असूनही कानाशी ऐकू येत नाही, पण स्पीकर लावला की खणखणीत येतं, असं असेल तर वरच्या बारीक जाळीकडे बघावं. तिथे धूळ आणि त्वचेचा तेलकटपणा साचतो, किंवा पडद्यावर चिकटवलेली काच तिच्यावर सरकलेली असते. मऊ, कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवावा. टाचणी खुपसू नये, पाणी लावू नये.

इअरबडच्या बाबतीत संशय आधी डबीवर घ्यावा. बड डबीत ठेवला की तळाच्या धातूच्या टोकांना टेकतो आणि बंद होतो. टोकांवर मळ बसला तर बडला आपण डबीत आहोत हेच कळत नाही. तो फोनला जोडलेला राहतो आणि कॉल डबीत वाजतो. बड ठेवल्यावर दिवा लागत नसेल किंवा एकच बड वारंवार उतरलेला सापडत असेल, तर ती टोकं कोरड्या कापडाने पुसावीत. फोन आणि लॅपटॉप दोघांना एकाच वेळी जोडता येणाऱ्या इअरफोनमध्ये आणखी एक घोळ असतो. लॅपटॉपवरच्या मीटिंगने कॉलची वाट धरून ठेवलेली असेल, तर फोनवरचा कॉल इअरफोनमध्ये येत नाही. मीटिंगमधून नीट बाहेर पडावं किंवा लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करून बघावं.

साधा कॉल नीट, व्हॉट्सअ‍ॅपचा नाही

एवढा फरक दिसला तर इअरफोनला दोष देऊ नये. अ‍ॅपवरच्या कॉलचा आवाज कुठे पाठवायचा हे ते अ‍ॅप फोनला सांगतं, आणि त्यासाठी त्याला परवानगी लागते. अँड्रॉइडच्या 12व्या आवृत्तीपासून ही परवानगी “Nearby devices” या नावाने वेगळी मागितली जाते. नाव असं की त्याचा इअरफोनशी संबंध असेल असं वाटत नाही, म्हणून अनेक जण ती नाकारतात. मग अ‍ॅपला इअरफोन दिसतच नाहीत. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या “Permissions” मध्ये जाऊन ती देता येते.

कधी उलटं होतं. अ‍ॅपवरचा कॉल संपतो, पण अ‍ॅप कॉलची वाट सोडत नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे. कुठलाही कॉल चालू नसताना आवाजाचं बटण दाबावं. पडद्यावर गाण्याच्या चिन्हाऐवजी टेलिफोनच्या रिसीव्हरचं चिन्ह आलं, तर फोन अजून कॉलमध्येच आहे असं समजतो आहे. गाणी लावली तरी ती बारीक आणि घुसमटलेली येतात. अशा वेळी ते अ‍ॅप “Force stop” करावं. कुठलं अ‍ॅप हे कळत नसेल तर फोन बंद करून चालू करावा.

आयफोनमध्ये शोधायची जागा निराळी आहे. “Settings” मध्ये “Accessibility”, त्यात “Touch” आणि त्यात “Call Audio Routing”. तिथे तीन पर्याय मिळतात: आपोआप, ब्लूटूथ हेडसेट आणि स्पीकर. प्रत्येक कॉल थेट स्पीकरवर सुरू होऊन चारचौघांत फजिती होत असेल, तर बहुधा कुणीतरी तिसरा पर्याय निवडून ठेवलेला असतो. “Automatic” केलं की झालं. व्हिडिओ कॉल मात्र मुळातच स्पीकरवर सुरू होतो. तो बिघाड नव्हे.

इतकं करूनही इअरफोनमध्ये कॉल येत नसेल, तर जोडणी मोडून नव्याने करावी, पण दोन्ही बाजूंनी. फोनमधून “Forget” किंवा “Unpair” करावं आणि इअरफोनही त्यांच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे मूळ स्थितीत आणावेत. जोडणीची नोंद दोघांकडेही असते. एकीकडची पुसून दुसरीकडची ठेवली, तर जुना घोळ तसाच राहू शकतो. हेही करून झालं आणि तेच इअरफोन दुसऱ्या फोनवर कॉलसाठी नीट चालले, तर दोष तुमच्या फोनमध्ये. दुसऱ्या फोनवरही मुकेच राहिले, तर दोष इअरफोनमध्ये. दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढायची ती एवढं ठरल्यावर, आणि जाताना ज्या उपकरणाबरोबर त्रास होतो तेही सोबत न्यावं.