मुख्य अभ्यासाआधी प्रश्नावलीची चाचणी: नर्सिंगचं एक उदाहरण

समजा, नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीला पाहायचंय की तपासणीला येणाऱ्या गरोदर स्त्रिया लोहाच्या गोळ्या कशा घेतात. मुख्य अभ्यासात 100 स्त्रिया घ्यायच्या आहेत. तज्ज्ञांनी प्रश्नावली तपासून दिलीय. तरी लगेच कामाला न लागता ती आधी तशाच दुसऱ्या दवाखान्यातल्या 10 स्त्रियांकडून ती भरून घेते. यालाच पथदर्शी चाचणी म्हणतात. आपल्याकडे नमुन्याचा दहावा भाग घेण्याची पद्धत आहे. हा काही नियम नव्हे, सोय आहे.

चौथा प्रश्न होता, "तुम्ही लोहाच्या गोळ्या नियमित घेता का?" दहापैकी नऊ जणी "हो" म्हणाल्या. पाहायला छान! पण सगळ्यांचं उत्तर एकच आलं, तर त्या प्रश्नातून कळलं काय? म्हणून तिने प्रत्येकीला विचारलं, "ताई, नियमित म्हणजे कसं?" एक म्हणाली, आठवेल तेव्हा. दुसरीने पाकीट संपेपर्यंत घेतल्या होत्या. तिसरीला "लोहाच्या" हा शब्दच कळला नव्हता. तिच्या लेखी त्या "लाल गोळ्या". समोर नर्स बसलेली असताना "नाही" म्हणायला संकोचही वाटतो, हे वेगळंच.

मग प्रश्न बदलला: "गेल्या सात दिवसांत किती दिवस लाल गोळी घेतली?" आता उत्तरं शून्यापासून सातपर्यंत पसरली.

दुसरी अडचण नकारार्थी वाक्याची. "गोळी चहासोबत घेणे योग्य नाही: बरोबर की चूक?" चहामुळे लोह शरीरात कमी शोषलं जातं, हे माहीत असलेल्या बाईनेही "चूक" वर खूण केली, कारण तिला चहा घेणं चूक आहे असं म्हणायचं होतं. (आपल्या परीक्षेच्या पेपरातही मुलं अशीच फसतात.) त्याऐवजी सरळ विचारलं, "गोळी कशासोबत घ्यावी?" आणि पर्याय दिले: पाणी, चहा, दूध, माहीत नाही.

वेळही मोजली होती. 40 मिनिटं लागत होती, आणि मध्येच नंबर पुकारला की बाई उठून जायची. शेवटची पानं कोरी. कोऱ्या जागा कुठून सुरू होतात ते पाहिलं की लगेच कळतं. अभ्यासाच्या उद्देशाशी संबंध नसलेले आठ प्रश्न काढून टाकले.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. दहाच जणींवरून काढलेला विश्वसनीयता गुणांक एखाद-दुसऱ्या उत्तराने बराच वरखाली होतो. तो आकडा चांगला आला म्हणून प्रश्न कळले असं होत नाही. "हो, हो" म्हणणाऱ्या उत्तरांतही सातत्य असतंच की.

या 10 स्त्रियांना मुख्य अभ्यासात घ्यायचं नाही. त्यांनी प्रश्न आधी पाहिलेत, शिवाय त्यांची प्रश्नावलीही वेगळी होती. आणि इतके बदल झाल्यावर नवी प्रश्नावली पुन्हा चार-पाच नव्या जणींना दाखवावी लागते. इथेही तसंच झालं, आणि एकीने विचारलं, "सात दिवसांत आजचा धरायचा का?"