पहिला खट्याळ मेसेज कसा लिहावा?

"हाय, काय करतेस?" याला उत्तर तरी काय द्यायचं? पहिल्या मेसेजला धागा लागतो.

हे करा
- दोघांच्या भेटीतली एखादी गोष्ट धरा, हलकी चेष्टा करा आणि शेवटी सोपा प्रश्न ठेवा: "काल गडावर सगळ्यांच्या आधी पोचलीस आणि भजीही संपवलीस. पुढच्या ट्रेकला माझ्यासाठी दोन ठेवशील?"
- दोन-तीन ओळींत आटपा.

हे टाळा
- ग्रुपमधून परस्पर उचललेल्या नंबरवर मेसेज नको.
- अंगाबांध्यावर शेरा नको; त्याने समोरची व्यक्ती अवघडते.
- उत्तर आलं नाही म्हणून "??" पाठवू नका.

तिकडून उलट चेष्टा किंवा प्रश्न आला, तर गप्पा पुढे न्या. नुसतं "हम्म" किंवा "ओके" आलं, तर चेष्टा तिथेच थांबवा.