चिपची तक्रार आणि कागदावरची छपाई

जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतल्या कॅननच्या ग्राहकांना खुद्द कंपनीकडूनच एक चमत्कारिक सूचना मिळाली. जगभर सेमीकंडक्टर चिपांचा तुटवडा होता. त्यामुळे कंपनीला आपल्या काही ऑफिस मशीनसाठी चिप नसलेल्या टोनर कार्ट्रिज विकाव्या लागत होत्या आणि कंपनीचेच मशीन कंपनीचीच कार्ट्रिज ओळखायला तयार नव्हते. शेवटी पडद्यावर येणारा इशारा बाजूला सारून काम कसे सुरू ठेवायचे, ते कॅननने ग्राहकांना समजावून सांगितले. चिप नसल्याने छपाईच्या दर्जावर वाईट परिणाम होत नाही, फक्त टोनर किती उरला आहे हे कळण्यासारख्या पूरक सोयी चालणार नाहीत, असेही कंपनीने स्पष्ट केले.

घरी किंवा दुकानात प्रिंटर वापरणाऱ्या कुणालाही हा खुलासा मोलाचा वाटेल. ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’ असा संदेश दिसला की आत काहीतरी बिघडले, शाई वाईट आहे, आता वॉरंटी गेली, असे तिन्ही समज एकदम होतात. प्रत्यक्षात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

चिप म्हणजे कार्ट्रिजच्या अंगावरची छोटीशी स्मृती. त्यात कार्ट्रिजचा प्रकार आणि ओळख नोंदलेली असते. प्रिंटर किती थेंब उडवले किंवा किती पाने काढली याचा हिशेब ठेवतो आणि त्यावरून शाई किती उरली असेल याचा अंदाज बांधतो. अनेक प्रिंटरांत डबीतली शाई थेट मोजलीच जात नाही. म्हणून रिकामी कार्ट्रिज भरून परत बसवली तरी पडद्यावर ‘शाई संपली’ हेच दिसत राहते. शाई असते, पण हिशेबवहीत ती जमा झालेली नसते. पर्यायी कंपन्या नव्या डबीवर स्वतःची चिप लावतात ती याचसाठी.

आणि चिपला कुलूपही करता येते. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या ऑफिसजेट मालिकेतल्या अनेक प्रिंटरांनी जगभर एकाच वेळी इतर कंपन्यांच्या कार्ट्रिज नाकारल्या. आदल्या दिवशीपर्यंत त्याच कार्ट्रिजमधून व्यवस्थित छपाई होत होती. काही महिने आधी आलेल्या फर्मवेअर अपडेटमध्ये ही तजवीज करून ठेवलेली होती. ओरड झाल्यावर महिना संपण्याच्या आत एचपीने नीट कल्पना न दिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि कुलूप काढणारे ऐच्छिक फर्मवेअर देऊ केले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने कंपनीला एक कोटी युरोंचा दंड ठोठावला. ग्राहकांना या मर्यादांची पुरेशी माहिती दिली नव्हती, हा त्यातला मुख्य आक्षेप. कुलूप मात्र गेले नाही. ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ या नावाने ते आजही एचपीच्या अनेक मॉडेलांत असते आणि आज चालणारी पर्यायी कार्ट्रिज उद्याच्या अपडेटनंतर चालेलच असे नाही. म्हणून पर्यायी कार्ट्रिज वापरायची असेल तर विकत घेण्याआधीच प्रिंटरची ही अट वाचलेली बरी.

दर्जाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर शाईत आणि हेडमध्ये सापडते.

घरगुती स्वस्त इंकजेटमध्ये बहुधा दोन कार्ट्रिज असतात, एक काळी आणि एक तिरंगी. छपाईचे हेड कार्ट्रिजच्याच तळाशी असते. हेडमधला सूक्ष्म तापक शाईचा पातळ थर क्षणात तापवतो, वाफेचा बुडबुडा होतो आणि शाईचा थेंब छिद्रातून कागदावर उडतो. त्या तापकाला थंड ठेवायचे कामही वाहती शाईच करते. आता अशी काळी कार्ट्रिज भरून आणली असे समजा. चिप आधीपासूनच ‘रिकामी’ म्हणते आहे, त्यामुळे पुन्हा शाई संपत आल्याचा इशारा मिळणार नाही. अक्षरे फिकी पडू लागली तरी पाने काढत राहिले, तर तापक कोरडे तापतात आणि जळतात. भरलेली कार्ट्रिज निकामी होण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे, आणि शाईवर उगाच खापर फुटते.

काय बिघडले ते ओळखायला प्रिंटरचे नोझल चेकचे पान दोनतीनदा काढावे. रेषांतल्या फटी प्रत्येक वेळी जागा बदलत असतील, किंवा पानाच्या वरच्या भागात छपाई दाट आणि खाली फिकट होत असेल, तर स्पंजमध्ये हवा अडकली आहे किंवा शाई खाली पोचत नाही. काही तास कार्ट्रिज तशीच ठेवल्यावर ती पुष्कळदा सुधारते. फट दर वेळी त्याच जागी असेल तर छिद्र तुंबले आहे किंवा तापक जळला आहे. एकदोनदा हेड स्वच्छ करूनही फरक पडला नाही तर थांबावे, कारण प्रत्येक साफसफाईत बरीच शाई वाया जाते. तिरंगी कार्ट्रिजमध्ये पिवळा रंग हिरवट दिसू लागला, तर भरताना शाई जास्त झाली आणि शेजारच्या कप्प्यात मिसळली, असे समजावे.

शाईचा प्रकार चुकला तर दोष वेगळाच दिसतो. मूळ काळी शाई पुष्कळदा पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली असते. ती कागदाच्या वर राहते, अक्षराची कड धारदार येते. तिच्या जागी विरघळणारी डाय शाई भरली की साध्या कागदावर अक्षरांना तंतू फुटतात. छापलेल्या ओळीवर वाळल्यानंतर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: डाय पसरते, पिगमेंट बहुतांशी जागेवर राहते. अर्ज, करारनामे छापून देणाऱ्या दुकानदाराने ही परीक्षा जरूर करावी. उलट, डायसाठी बनवलेल्या हेडमध्ये पिगमेंट घातली तर छिद्रे तुंबण्याची भीती असते.

वॉरंटीबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. एचपीच्या वॉरंटीपत्रात याबद्दल स्वच्छ लिहिलेले असते: इतर कंपनीची किंवा पुन्हा भरलेली कार्ट्रिज वापरल्याने ग्राहकाच्या वॉरंटीवर परिणाम होत नाही, मात्र बिघाड त्या कार्ट्रिजमुळे झाला असेल, तर तेवढ्या दुरुस्तीचे पैसे घेतले जातील. म्हणजे कागद ओढणारा रोलर किंवा वीजपुरवठ्याचा भाग गेला, तर भरलेल्या शाईचे कारण सांगून दुरुस्ती नाकारता येत नाही. सेवाकेंद्राने तसे म्हटलेच, तर शाईमुळे नेमका कोणता भाग कसा बिघडला हे लेखी मागावे. इतर कंपन्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेव्हा आपल्या मॉडेलचे पत्र वाचणे टाळू नये.

इथे हेड कुठे आहे, ही बाब पैशांच्या दृष्टीने निर्णायक ठरते. हेड कार्ट्रिजमध्येच असेल तर नुकसान एका कार्ट्रिजपुरते राहते, नवी घातली की हेडही नवे. ज्या मशीनमध्ये हेड कायमचे बसवलेले असते आणि शाई वेगळ्या डब्यांतून येते, तिथे वाईट शाई थेट मशीनचा सर्वात महाग भाग बिघडवते, आणि हे नुकसान वॉरंटीबाहेर ठरू शकते. गेल्या काही वर्षांत भारतात घरोघरी आलेले इंक टँक प्रिंटर बहुतेक याच जातीचे. त्यांच्या शाईच्या बाटलीवर सहसा चिप नसते. टाकीत कोणतीही शाई ओतली तरी पडद्यावर एक अक्षर उमटत नाही, आणि दोष दिसतो तो थेट रेषा तुटू लागल्यावर.